जीडीपीत काय मोजतात आणि काय सुटतं: घरकामाच्या उंबरठ्यावरचे काही प्रश्न

जीडीपीबद्दल लोक विचारतात त्यांतले बहुतेक प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: हिशेबाची रेषा कुठे मारली आहे आणि तिथेच का? म्हणून इथे त्या रेषेलाच जास्त जागा दिली आहे. बाकीचे प्रश्न तिच्या आजूबाजूने येतील तसे घेतले आहेत.

जीडीपी म्हणजे नेमकं काय?

एका देशाच्या हद्दीत ठरावीक काळात, म्हणजे एखाद्या तिमाहीत किंवा वर्षात, जे नवं उत्पादन झालं त्याचं मूल्य. मराठीत पूर्ण नाव सकल देशांतर्गत उत्पादन. "सकल" म्हणजे यंत्रं, इमारती, रस्ते झिजतात त्याचा घसारा वजा न करता. "देशांतर्गत" म्हणजे हद्दीच्या आत झालेलं, मग मालक कुठल्याही देशाचा असो.

खरी गोम "नवं" या शब्दात आहे. समजा, शेतकऱ्याने कापूस 40 ला विकला. सूतगिरणीने त्याचं सूत करून 70 ला विकलं, मागवाल्याने कापड विणून 120 ला, आणि शिवणाऱ्याने त्याचा सदरा करून 200 ला. चारही विक्रींची बेरीज 430 येते, पण त्यात कापूस चार वेळा मोजला गेला. म्हणून प्रत्येकाने विकत घेतलेल्या मालावर स्वतः किती भर घातली तेवढंच धरायचं: 40, मग 30, मग 50, मग 80. बेरीज 200, म्हणजे नेमकी सदऱ्याची किंमत. या भर घालण्याला मूल्यवर्धन म्हणतात. जीडीपी ही उलाढालीची बेरीज नाही, मूल्यवर्धनाची आहे.

हेच 200 कुणाच्या तरी हातात मजुरी, नफा, भाडं किंवा कर म्हणून जातात. म्हणून तोच आकडा उत्पादनाच्या, खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या बाजूने काढता येतो. तत्त्वतः तिन्ही सारखे यायला हवेत. प्रत्यक्षात ते थोडे वेगळे येतात आणि तो फरक "सांख्यिकी तफावत" या नावाने कोष्टकात तळाशी बसलेला असतो.

सूत्रात आयात वजा करतात. म्हणजे आयात वाढली की जीडीपी घटतो?

नाही. हा गैरसमज चांगल्या शिकलेल्या लोकांतही आढळतो. सूत्र असं आहे, त्यात Y म्हणजे जीडीपी, X म्हणजे निर्यात आणि M म्हणजे आयात:

```
Y = C + I + G + (X − M)
```

लोकांचा खर्च (C), गुंतवणूक (I) आणि सरकारचा खर्च (G) मोजताना त्यात परदेशी माल आधीच मिसळलेला असतो. तो इथे तयार झालेला नाही, म्हणून M ने परत बाहेर काढतात. परदेशातून 100 चं यंत्र आलं तर I मध्ये 100 वाढतात, M मध्येही 100 वाढतात आणि जीडीपी जागेवर राहतो.

बाजारात विकलं गेलं तेवढंच मोजतात ना?

बरेच जण असंच समजतात, पण तसं नाही. न विकलेल्या तीन मोठ्या गोष्टी जीडीपीत असतात.

पहिली म्हणजे सरकारी शाळा, न्यायालयं, पोलीस यांच्या सेवा. त्यांना विक्रीची किंमत नसते, म्हणून त्या पुरवायला जो खर्च आला तेवढंच त्यांचं मूल्य धरतात. दुसरी, शेतकऱ्याने स्वतःच्या घरासाठी ठेवलेलं धान्य. तिसरी ऐकून लोक चमकतात: स्वतःच्या मालकीच्या घराचं भाडं. तुम्ही स्वतःच्या घरात राहता, कुणाला पैसा देत नाही, तरी ते घर भाड्याने दिलं असतं तर किती भाडं आलं असतं याचा अंदाज करून ती रक्कम जीडीपीत धरली जाते. तुम्हीच मालक, तुम्हीच भाडेकरू. याला आरोपित भाडं म्हणतात आणि अनेक देशांत ही रक्कम किरकोळ नसते.

हे असं का करतात? समजा, शेजारच्या दोन कुटुंबांची घरं हुबेहूब सारखी आहेत. त्यांनी घरांची अदलाबदल केली आणि एकमेकांना भाडं द्यायला लागले. कुणाच्याच राहणीत फरक पडला नाही, पण आरोपित भाडं धरलं नसतं तर जीडीपी दोन भाड्यांनी वाढला असता. शिवाय बहुतेक लोक स्वतःच्या घरात राहतात असा देश आणि बहुतेक लोक भाड्याने राहतात असा देश, यांची तुलनाच करता आली नसती. कारण अगदी रास्त आहे. हे कारण लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात ते आपल्याच अंगावर येणार आहे.

मग घरचा स्वयंपाक, मुलांचं संगोपन, आजारी माणसाची सेवा का मोजत नाहीत?

प्रश्न बिनतोड आहे. न दिलेलं भाडं कल्पनेने मोजता येतं, तर न दिलेली मजुरी का नाही?

संयुक्त राष्ट्रांच्या "राष्ट्रीय लेखा प्रणाली" या नियमपुस्तकात याची उत्तरं दिलेली आहेत. घरात घरच्यांसाठी केलेल्या सेवांचा बाकीच्या अर्थव्यवस्थेशी संबंध कमी येतो. त्यांना बाजारभाव नसल्यामुळे किंमत लावणं कठीण जातं. आणि ज्याला व्यवहारात सर्वांत जास्त वजन आहे ते कारण असं: हे काम उत्पादन मानलं तर ते करणारा प्रत्येक प्रौढ माणूस "रोजगारात" आहे असं धरावं लागेल. मग बेरोजगारीच्या आकड्याला अर्थ उरणार नाही.

तिसरं कारण मला प्रामाणिक वाटतं. जीडीपी हे साधन मुळात कर किती येईल, नोकऱ्या किती आहेत, मागणी कुठे कमी पडते, हे पाहण्यासाठी घडवलं गेलं. घरातल्या स्वयंपाकावर कर लागत नाही आणि मंदीत तो बंदही पडत नाही. पण पहिल्या दोन कारणांवर माझा विश्वास नाही. न दिलेल्या भाड्यालाही बाजारभाव नसतोच, तिथे अंदाज करतातच. आणि घरकामाचा बाकीच्या अर्थव्यवस्थेशी संबंध कमी, हे तर ज्याने कधी आजारी माणसामागे रजा काढली नसेल त्यालाच सुचू शकतं.

ही रेषा प्रत्यक्षात कुठून जाते?

वस्तू आणि सेवा यांच्या मधून. घरासाठी तयार केलेल्या वस्तू आत, घरासाठी केलेल्या सेवा बाहेर. सेवांना अपवाद दोनच: स्वतःच्या घरात राहणं आणि पगारी नोकराने केलेलं घरकाम.

एका बाईचा दिवस जवळून पाहू. पहाटे ती दूरच्या विहिरीवरून पाणी भरून आणते. नियमाप्रमाणे हे उत्पादन आहे, जीडीपीत मोजायला हवं. मग ती सरपण गोळा करून आणते. तेही उत्पादन. चूल पेटवून ती त्याच सरपणावर, त्याच पाण्यात स्वयंपाक करायला बसते आणि तिथे ती रेषेबाहेर गेली. भांडी घासणं, लेकराला भरवणं, सासूच्या पायाला तेल लावणं, सगळं बाहेर. संध्याकाळी ती घरच्यांसाठी कापड विणते आणि पुन्हा आत येते. शिवणयंत्रावर नवा कपडा शिवला तर ती आतच राहते, फाटलेला कपडा सांधला तर बाहेर. हात तेच, दमणूक तीच.

पाणी आणि सरपण नियमाने आत असलं तरी आकड्यात ते येतंच असं नाही. ते मोजायला कुणाचा किती वेळ कशात जातो याची सर्वेक्षणं लागतात, आणि ती महाग असल्यामुळे क्वचित होतात.

उत्पादन कशाला म्हणावं याची एक साधी कसोटी मार्गारेट रीड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1934 मध्येच सांगितली होती: हे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येईल का? स्वयंपाक करून घेता येतो, म्हणून तो उत्पादन. जेवण दुसऱ्याने आपल्यासाठी जेवून भागत नाही, म्हणून जेवणं हे उत्पादन नाही. याहून स्वच्छ व्याख्या माझ्या पाहण्यात नाही. नियमपुस्तकाने मात्र रेषा दुसरीकडेच मारली.

एखादं उदाहरण आकड्यांनिशी सोडवून दाखवाल का?

एक मुलगी आणि तिचे अंथरुणाला खिळलेले वडील घेऊ. मुलगी नोकरीत महिन्याला 50 मिळवते. तिच्या कामातून होणारं मूल्यवर्धनही सोयीसाठी तेवढंच धरू. वडिलांसाठी तिने दिवसभराची परिचारिका ठेवली आहे, पगार 20.

या घरामुळे जीडीपीत दरमहा 70 येतात: मुलीच्या कामाचे 50 आणि परिचारिकेच्या सेवेचे 20. इथे कुणीतरी हमखास विचारतं, की परिचारिकेचे 20 मुलीच्या 50 मधूनच गेले, मग दोनदा का मोजायचे? कारण कामं दोन झाली. मुलीने कार्यालयात एक सेवा निर्माण केली, परिचारिकेने घरी दुसरी. पैसा एकाच्या हातून दुसऱ्याकडे गेला म्हणून उत्पादन कमी होत नाही.

आता परिचारिका काम सोडून जाते, दुसरी मिळत नाही, आणि मुलगी नोकरी सोडून वडिलांचं स्वतः करू लागते. वडिलांना तीच आंघोळ, तीच औषधं, तेच कूस बदलणं मिळतंय, कदाचित जास्त मायेने. जीडीपीत मात्र 70 ची घट. यातले 50 खरोखर गेले, कारण कार्यालयातलं काम थांबलं. (तिच्या जागी एखादा बेकार माणूस लागला तर तेही परत येतील.) उरलेले 20 मात्र कुठेच गेले नाहीत. ती सेवा आजही त्या खोलीत होते आहे, फक्त रेषेच्या अलीकडची पलीकडे गेली.

आता तिसरी स्थिती. शेजारीही अशीच एक मुलगी तिच्या आईची सेवा करत घरी बसली आहे. दोघींनी ठरवलं: तू माझ्या वडिलांचं कर, मी तुझ्या आईचं करते, आणि एकमेकींना दरमहा 20 देऊ, रीतसर पगार म्हणून नोंदवून. दोघींच्या हातात महिन्याअखेरीस काहीच जास्त उरत नाही. जीडीपीत मात्र 40 वाढले. घरांच्या अदलाबदलीत ही फसगत होऊ नये म्हणून आरोपित भाडं आणलं. सेवेच्या अदलाबदलीत ती तशीच राहू दिली.

यांतली कोणती स्थिती वडिलांसाठी, मुलीसाठी बरी? ते मुलीच्या झोपेवर, तिच्या पाठीवर, तिला नोकरी किती आवडत होती यावर आणि वडिलांना कुणाचा हात हवासा वाटतो यावर ठरेल. यातलं काहीही 70, शून्य आणि 40 या आकड्यांत शोधून सापडत नाही.

ठीक आहे, पण एवढ्याशा गोष्टीने देशाच्या आकड्यात काय फरक पडतो?

गोष्ट एवढीशी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगात रोज 16.4 अब्ज तास बिनपगारी काळजीच्या आणि घरकामात जातात आणि त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त तास बायकांचे असतात.

आणि हे काम रेषेच्या एकाच बाजूला स्थिर राहत नाही, खरी अडचण तीच. कुठल्याही देशात बायका मोठ्या संख्येने पगारी कामाला लागतात तेव्हा त्यांचा पगार जीडीपीत येतो, पाळणाघराची फी येते, बाहेरच्या जेवणाचे पैसे येतात. घरात जे काम कमी झालं ते मात्र वजा होत नाही, कारण ते आधी मोजलेलंच नव्हतं. म्हणून अशा काळातली वाढ फुगलेली दिसते. उलट, सरकारने रुग्णालयातले मुक्कामाचे दिवस कमी केले तर ती "कार्यक्षमता" म्हणून नोंदली जाते, आणि रुग्णाच्या उरलेल्या सेवेचा भार घरात कुणावर पडला हे कुठेच लिहिलं जात नाही. धोरणाच्या दृष्टीने मला ही दुसरी चूक जास्त महागाची वाटते. जे काम फुकट दिसतं, ते दुसऱ्यावर ढकलायला कुणाचा हात अडखळत नाही.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी शंभरेक वर्षांपूर्वी हेच चिमटा काढून सांगितलं होतं: एखाद्या माणसाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं, तर राष्ट्रीय उत्पन्न घटतं.

घरकामाला किंमत लावायची ठरवलीच, तर कशी लावतात?

आधी तास मोजायचे, मग तासाचा दर ठरवायचा. तास वेळ-वापर सर्वेक्षणातून मिळतात: माणसं दिवसाची रोजनिशी भरतात, बहुधा दहा-दहा मिनिटांच्या रकान्यांत. तिथेच पहिली पंचाईत होते. स्वयंपाक करता करता पाळण्याकडे कान ठेवला, तर ते एक काम की दोन? बहुतेक रोजनिश्यांत मुख्य काम एकच लिहिलं जातं आणि नजर ठेवण्याचा वेळ गळून जातो.

दराचे मार्ग दोन. एक, हेच काम पगारी माणसाने केलं असतं तर त्याने काय घेतलं असतं. दुसरा, करणाऱ्याने तेवढा वेळ आपल्या नोकरीत घातला असता तर त्याला काय मिळालं असतं. रोज तीन तास स्वयंपाक धरू. स्वयंपाक्याचा दर तासाला 10 असेल तर पहिल्या मार्गाने 30 होतात. तोच स्वयंपाक तासाला 60 घेणाऱ्या वकिलाने केला तर दुसऱ्या मार्गाने 180. जेवण तेच, कदाचित वकिलाचं जरा करपलेलंच. म्हणून सांख्यिकी कार्यालयं सहसा पहिला मार्ग घेतात. एखाद्या बातमीत घरकामाचं मूल्य वाचलंत तर कुठला मार्ग वापरला ते आधी पाहा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना व्यर्थ आहे.

ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने असा वेगळा हिशेब केला तेव्हा 2016 सालासाठी बिनपगारी घरकामाचं मूल्य सुमारे 1.24 लाख कोटी पौंड आलं, म्हणजे जीडीपीच्या साधारण 63 टक्के. हा आकडा जीडीपीत मिळवलेला नाही, शेजारी ठेवलेला आहे.

भूकंप, पूर, तेलगळती झाली की जीडीपी वाढतो म्हणतात. खरं आहे का?

अर्धवट खरं. पडलेलं घर हा साठ्यातला तोटा आहे आणि जीडीपी साठा मोजत नाही, वर्षभरातला प्रवाह मोजतो. म्हणून घर पडल्याची वजाबाकी होत नाही, ते पुन्हा बांधल्याची बेरीज मात्र होते. पण त्याच आपत्तीत कारखाने बंद राहतात, वाहतूक तुटते, आणि तो फटका आकड्यात नक्की दिसतो. एकूण आकडा वाढेल की घटेल हे प्रसंगावर ठरतं. जंगल तोडणं, खाण रिकामी करणं यांचंही तसंच: विकलेलं लाकूड मिळकतीत येतं, संपलेलं जंगल कुठेच वजा होत नाही.

दरडोई जीडीपी वाढला, म्हणजे सरासरी माणसाची कमाई वाढली?

दोन कारणांनी तसं म्हणता येत नाही. सरासरी कुणाच्या वाट्याला किती आलं ते सांगत नाही, हे सर्वांना माहीत आहे. दुसरं कारण कमी माहीत असतं: देशात झालेलं उत्पादन देशातल्या लोकांच्या हातात पडतंच असं नाही. आयर्लंडने 2016 च्या जुलैत जाहीर केलं, की 2015 मध्ये त्यांचा जीडीपी 26.3 टक्क्यांनी वाढला. एका वर्षात! तिथले लोक एकाएकी श्रीमंत झाले नव्हते. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवली आणि त्यावरची कमाई तिथे झालेलं उत्पादन म्हणून मोजली गेली. नियमाचा भंग कुठेच झाला नव्हता. शेवटी त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाला 2017 मध्ये स्वतःसाठी "सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न" हे वेगळं माप काढावं लागलं.

जीडीपी म्हणजे लोकांचं भलं, असं म्हटलं तरी कुणी?

हे माप घडवणाऱ्यांनी तरी नाही. महामंदीत अमेरिकेचं उत्पन्न किती कोसळलं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून तिथल्या सिनेटने हिशेब मागवला. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी 1934 मध्ये 1929 ते 1932 या वर्षांचा अहवाल दिला. त्यातच त्यांनी लिहून ठेवलं, की अशा मापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही म्हटलं तरी चालेल. गृहिणींच्या सेवा आपण वगळल्या आहेत, हेही त्यांनी सांगितलं होतं.

पुढे कुझनेट्स यांचं म्हणणं होतं, की शस्त्रास्त्रांसारख्या ज्या गोष्टींनी कुणाचं भलं होत नाही त्या बेरजेतून काढाव्यात. त्यांचं चाललं नाही. दुसरं महायुद्ध आलं, आणि युद्धासाठी देश किती उत्पादन करू शकतो हे सरकारला पाहायचं होतं, कोण सुखी आहे हे नाही. रणगाडा बेरजेत आला. ज्या कामासाठी माप घडलं त्या कामाला ते आजही चांगलं आहे, हे मी मोकळेपणाने म्हणेन.

मग कल्याणाचाच एक आकडा का काढत नाहीत?

काढतात की. 1990 पासूनचा मानव विकास निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र करतो. पण आयुर्मानाच्या एका वर्षाला शिक्षणाची किती वर्षं द्यायची, हे ठरवणार कोण? जीडीपीत निदान वजनं किमतींवरून येतात. इथे ती समितीत बसून ठरतात. शिवाय आपण वर पाहिलेली मुलगी त्या निर्देशांकातही दिसत नाही. तिच्यासाठी एका मोठ्या आकड्यापेक्षा वेळ-वापराची रोजनिशी जास्त कामाची आहे.

नियम बदलायची शक्यता आहे का?

काही बदलले आहेत. राष्ट्रीय लेखा प्रणालीची नवी आवृत्ती 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने स्वीकारली. तिच्यात खनिजांसारखी नैसर्गिक संपत्ती संपवण्याला उत्पादनाचा खर्च मानलं आहे. त्याचा परिणाम सकल आकड्यावर होणार नाही, निव्वळ, म्हणजे झीज वजा केलेल्या, आकड्यावर होईल. म्हणून निव्वळ देशांतर्गत उत्पादनाकडे जास्त लक्ष द्या, असंही ती सांगते. बिनपगारी घरकामासाठी वेगळा, जोडीला ठेवायचा हिशेब करावा असं ती सुचवते. मुख्य रेषा मात्र हलवलेली नाही. पाणी भरून आणलं की आत, चुलीवर ठेवलं की बाहेर.